बेरजेची लिमिट आणि गाळलेलं पान

n वाढत जाताना लांबलचक बेरजेची लिमिट काढायची आणि त्यासाठी ती बेरीज म्हणजे एक निश्चित समाकलन आहे हे ओळखायचं, असा प्रश्न बेळगाव, खानापूर, निपाणीच्या पीयूसीच्या मुलांना प्रवेश परीक्षांच्या तयारीत हमखास भेटतो. यामागची कल्पना बरीच जुनी. 1823 साली एका फ्रेंच गणितज्ञाने समाकलनाची व्याख्याच बेरजेची लिमिट म्हणून केली, 1854 मध्ये एका जर्मन गणितज्ञाने ती व्यापक केली. आपल्याकडचा गुंता मात्र अलीकडचा आहे.

2022 मध्ये राष्ट्रीय पाठ्यपुस्तकातलं ओझं कमी करताना बारावीच्या समाकलनातून ‘बेरजेची लिमिट’ हा भाग गाळला गेला. कर्नाटकात पीयूसीला तेच पुस्तक. सीमेपलीकडे महाराष्ट्राच्या बारावीच्या पुस्तकात मात्र निश्चित समाकलनाची सुरुवातच तिथून होते. म्हणजे निपाणीचा मुलगा आणि कोल्हापुरात शिकणारा त्याचा मामेभाऊ एकच गणित वेगवेगळ्या पायावर सोडवतात. 2024 च्या एप्रिलमध्ये कर्नाटकच्या सीईटीत वगळलेल्या भागांवरचे प्रश्न आल्याची ओरड झाली आणि निरनिराळ्या विषयांतले मिळून पन्नास प्रश्न गुणांकनातून काढावे लागले.

गाळणाऱ्यांचं म्हणणं असं, की त्या भागात n(n+1)/2 सारखी सूत्रं घालून घाम गाळायचा आणि शेवटी निघायचं ते साध्या समाकलनाने दोन ओळींत येणारं उत्तर. हे खरं आहे. पण बेरजेतले पातळ आयत तिथेच दिसायचे, आणि उलट्या दिशेचा प्रश्न त्यांच्यावरच उभा आहे.

r = 1 ते n अशी n/(n²+r²) ची बेरीज घ्या. प्रत्येक पदातून 1/n बाहेर काढा, आत उरतं 1/(1+(r/n)²). 1/n ही आयताची रुंदी, r/n हा त्याच्या उजव्या कडेचा बिंदू. r/n हा 1/n पासून 1 पर्यंत जातो, म्हणून 0 ते 1 मध्ये 1/(1+x²) चं समाकलन. उत्तर π/4, साधारण 0.785. n = 10 घेऊन बेरीज केली तर 0.76 येते: फलन उतरतं असल्याने उजव्या कडेचे आयत बुटके पडतात. हीच बेरीज 2n पर्यंत नेली, तर वरची सीमा 2 होते आणि उत्तर tan⁻¹ 2.

आयत न पाहिलेली मुलं ‘r/n ला x, 1/n ला dx’ एवढंच घोकतात. त्यांना n/(n²+r) दिलं की फसतात. 1/n काढल्यावर इथे आत r/n² उरतो, r/n नव्हे. सर्वांत मोठा r, म्हणजे n, घातला तरी तो 1/n च होतो आणि शून्याकडे जातो, त्यामुळे बिंदू 0 ते 1 मध्ये पसरतच नाहीत. इथे समाकलन नाहीच. सगळी n पदं n/(n²+n) आणि n/(n²+1) यांच्या मध्ये असतात, म्हणून बेरीज n²/(n²+n) आणि n²/(n²+1) यांच्यात अडकते, आणि लिमिट 1 येते.