जंपमधले २६ बिट म्हणजे ऑफसेट नव्हे

मिप्सच्या उत्तरपत्रिका तपासताना एक चूक मला दरवर्षी दिसते. `beq` चा पत्ता बरोबर काढलेला असतो आणि पुढच्याच प्रश्नात `j` ला तेच सूत्र लावलेलं असतं: २६ बिट साइन-एक्स्टेंड केले, दोन घरं डावीकडे सरकवले आणि पीसीत मिळवले. या चुकीचं मूळ मला एका शब्दात दिसतं. दोन्ही फील्डना सरसकट ‘ऑफसेट’ म्हटलं जातं.

ब्रांच तुम्हाला येतंच, म्हणून ते थोडक्यात. १६ बिटांचा ऑफसेट चिन्हासकट ३२ बिटांचा करायचा, ४ ने गुणायचा आणि `PC+4` मध्ये मिळवायचा. `0x00400018` वरच्या `beq $t0, $t1` ला मागे `0x00400008` वर जायचं असेल, तर मोजणी `0x0040001C` पासून सुरू होते. फरक -२० बाइटचा, म्हणजे -५ इन्स्ट्रक्शनचा. म्हणून फील्डमध्ये `FFFB`. `PC+4` ऐवजी `PC` घेतला की उत्तर नेमकं एका इन्स्ट्रक्शनने चुकतं. चूक ओळखायची खूण तीच.

आता `j`. त्याच्या फील्डमध्ये अंतर नसतंच, असतो तो पत्ताच, दोन्ही टोकं छाटलेला. इन्स्ट्रक्शन ४ च्या पटीतल्या पत्त्यावरच असते, त्यामुळे शेवटचे दोन बिट कायम शून्य असतात आणि ते साठवायची गरज नाही. वरचे चार बिट मावत नाहीत, ते `PC+4` कडून उसने घ्यायचे. इथे बेरीज कुठेच नाही, नुसती जोडणी आहे:

```
beq: (PC+4) + (signext(imm16) << 2)
j:   ((PC+4) & 0xF0000000) | (target26 << 2)
```

दुसऱ्या ओळीतल्या `|` च्या जागी `+` लिहिलं, तरी वरचे चार बिटच घेतले असतील तर उत्तर तेच येतं, कारण दोन तुकडे एकमेकांवर येत नाहीत. तरीही मी तो `+` खोडतो. पुढच्या वेळी त्याच्या डावीकडे हमखास अख्खा पीसी येऊन बसतो.

लँडलाइन आठवा. पुण्यात बसून `020` न लावता आठ आकडी नंबर फिरवला तर तो पुण्यातच लागतो. तोच नंबर मुंबईत फिरवला तर मुंबईतल्या कुणाकडे तरी वाजेल. वरचे चार बिट म्हणजे हा एसटीडी कोड: तुम्ही उभे असता तिथला आपोआप लागतो. ब्रांच मात्र ‘इथून पाच घरं मागे’ असं सांगतो, त्याला गाव कुठलं याच्याशी देणंघेणं नाही.

हा फरक हद्दीवर सगळ्यात स्वच्छ दिसतो. समजा इन्स्ट्रक्शन `0x0FFFFFF8` वर आहे आणि जायचंय `0x10000000` ला, म्हणजे फक्त ८ बाइट पुढे. `beq` ला हे सहज जमतं: `PC+4` आहे `0x0FFFFFFC`, ऑफसेट १. `j` ला मात्र हे जमणारच नाही. `PC+4` चे वरचे चार बिट `0` आहेत, लक्ष्याचे `1`. तोच `j` जवळजवळ २५६ एमबी मागे `0x00000000` ला मात्र बिनदिक्कत जाईल. अंतर मोजत असता, तर असं झालं असतं का?

आता तोच `j` एक इन्स्ट्रक्शन पुढे, `0x0FFFFFFC` वर ठेवा. `PC+4` झाला `0x10000000`, गाव बदललं. फील्डमध्ये `0x0100000` असेल तर उडी `0x00400000` ला न जाता `0x10400000` ला जाते. वरचे बिट `PC` चे नव्हे, `PC+4` चे घ्यायचे, हे इथेच कळतं. एरवी दोन्ही सारखेच असल्याने चूक लपून राहते.

शंका आलीच तर कोड उचलून दुसरीकडे ठेवून पाहा. वरच्या पत्त्यांवरचे `beq` आणि `0x00400008` ला जाणारा `j` दोन्ही, लेबलसकट, `0x1000` ने पुढे सरकवले तर:

```
beq: 1109FFFB -> 1109FFFB
j:   08100002 -> 08100402
```

`beq` तसाच राहिला, कारण अंतर बदललं नाही. `j` चा शब्द लिंकरला दुरुस्त करावा लागला. म्हणूनच `j` च्या या पद्धतीला दिलेल्या ‘स्यूडो-डायरेक्ट’ या नावातला ‘डायरेक्ट’ मनावर घ्या: पत्ता थेटच आहे, फक्त चार बिट कमी. ते चार बिट वेगळे असतील तर `lui`, `ori` ने पूर्ण पत्ता रजिस्टरमध्ये भरून `jr` वापरायचा.

रिस्क-व्हीकडे वळताना मात्र हे सूत्र तिकडे नेऊ नका. तिथला `jal` खरोखरच पीसी-रिलेटिव्ह आहे, आणि मोजणी `PC+4` पासून नव्हे तर त्या इन्स्ट्रक्शनच्या स्वतःच्या पत्त्यापासून होते.