दरवर्षी हप्ता वाढवला तर? वीस वर्षांचा उघडा हिशेब
(आमच्या एसआयपी ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

एसआयपीचा फॉर्म भरताना आम्ही एक प्रश्न हमखास विचारतो, "टॉप-अप टाकायचा का?" म्हणजे दरवर्षी हप्ता आपोआप वाढवायचा का. बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं, "आत्ता नको, पुढे बघू." ते पुढे बघणं राहूनच जातं. दहा वर्षांनी पगार जवळपास दुप्पट झालेला असतो आणि एसआयपी मात्र पाच हजारांचीच चालू असते.

हिशेब मांडण्याआधी एक गोष्ट सांगितलेली बरी. तुमचा हप्ता वाढला की आमचं कमिशनही वाढतं. त्यामुळे खालचे आकडे आमच्यावर विश्वास ठेवून घेऊ नका, कॅल्क्युलेटर घेऊन तपासा. वर्षाला १० टक्के परतावा धरला आहे, म्हणजे १०० रुपयांचे वर्षभरात ११० होतात, हप्ता महिन्याच्या सुरुवातीला जातो असं मानलं आहे आणि कर वजा केलेला नाही. हे १० टक्के फक्त हिशेबासाठी. इक्विटी फंड दरवर्षी असे सरळ वाढत नाहीत, एखाद्या वर्षी उणेही जातात.

चौघे जण आज दरमहा ५,००० रुपयांनी सुरुवात करतात, असं समजू. पहिला जण हप्ता कधीच बदलत नाही. दुसरा दरवर्षी ५ टक्के वाढवतो, तिसरा दरवर्षी ठरावीक ५०० रुपये आणि चौथा १० टक्के.

| वाढ | २०व्या वर्षीचा हप्ता | एकूण भरलेले | २० वर्षांनी |
|---|---|---|---|
| वाढ नाही | ५,००० | १२.० लाख | ३६.२ लाख |
| दरवर्षी ५ टक्के | १२,६३५ | १९.८ लाख | ५१.५ लाख |
| दरवर्षी ५०० रुपये | १४,५०० | २३.४ लाख | ५९.८ लाख |
| दरवर्षी १० टक्के | ३०,५८० | ३४.४ लाख | ७७.३ लाख |

जाहिरातीत यातली पहिली आणि शेवटची ओळ शेजारी ठेवतात आणि वर लिहितात, "रक्कम दुपटीहून जास्त!" आकडा खरा आहे, पण अर्धाच सांगितलेला. ३६.२ आणि ७७.३ यांत ४१.१ लाखांचा फरक आहे. त्यातले २२.४ लाख तुम्ही स्वतःच्या खिशातून जादा भरलेले आहेत. परताव्यातून आलेले जादा पैसे १८.७ लाख. ही रक्कमही लहान नाही, पण टॉप-अप म्हणजे जादूची कांडी नव्हे हे त्यावरून कळतं. टॉप-अपमुळे मुख्यतः एकच होतं: तुम्ही जास्त बचत करता.

मग आजच मोठा हप्ता सुरू केला तर? तोही हिशेब करून बघितला. पहिल्या महिन्यापासून न बदलता १०,६७८ रुपये भरले, तरी वीस वर्षांनी तेच ७७.३ लाख जमतात आणि त्यासाठी खिशातून जातात फक्त २५.६ लाख. १० टक्के टॉप-अपने तिथे पोचायला ३४.४ लाख भरावे लागतात. म्हणून ज्यांना आज दहा-साडेदहा हजार झेपतात त्यांना आम्ही "पाचने सुरू करा, मग वाढवत न्या" असं सांगत नाही. टॉप-अप आहे तो ज्यांना आज पाचच हजार जमतात पण ज्यांची कमाई वाढणार आहे त्यांच्यासाठी.

सुरुवातीलाच मोठा हप्ता भरला तर खिशातून कमी पैसे का जातात, त्याचं कारण सोपं आहे. परतावा १० टक्के आणि वाढही १० टक्के, म्हणून आपल्या उदाहरणात एक गंमत दिसते. पहिल्या वर्षी भरलेल्या ६०,००० रुपयांचे शेवटी साधारण ३ लाख ८७ हजार होतात. विसाव्या वर्षी भरलेल्या ३ लाख ६७ हजारांचेही तेवढेच, ३ लाख ८७ हजार. पहिल्या वर्षीचे पैसे एकोणीस वर्षं जास्त वाढले, शेवटच्या वर्षीच्या पैशांना वाढायला वेळच मिळाला नाही. सुरुवातीच्या वर्षांतला एक रुपया शेवटच्या वर्षांतल्या सहा रुपयांच्या बरोबरीचा.

यातून आमचं मत बनलं आहे ते असं: पहिली दहा वर्षं वाढवा, नंतरचं नंतर. समजा दहाव्या वर्षापर्यंत १० टक्क्यांनी वाढवून हप्ता ११,७९० वर आणला आणि तिथेच थांबवला. एकूण भरणा होतो २३.७ लाख आणि जमा होतात ६२.४ लाख. उरलेली दहा वर्षंही वाढवत राहिलात तर आणखी १०.७ लाख भरून हाती १४.९ लाख जादा लागतात. तेही काही वाईट नाही, पण त्या दहा वर्षांत मुलांचं कॉलेज आणि आईवडिलांचं आजारपण हे खर्च येतात, आणि तेव्हा ओढाताण करून हप्ता वाढवावा असं काही त्यात नाही. फॉर्मवर टॉप-अपची कमाल रक्कम किंवा शेवटचा महिना लिहायची सोय असते. तिथे १२,००० लिहिलं की काम झालं.

१० टक्के झेपणार का, हे पगारावरून बघा. आज ४०,००० पगार असेल तर ५,००० म्हणजे आठवा हिस्सा. पगार वर्षाला ७ टक्क्यांनी वाढला तर विसाव्या वर्षी तो साधारण १ लाख ४५ हजार होतो आणि त्या वेळचा ३०,५८० चा हप्ता त्याच्या पाचव्या हिश्शाहून जास्त होतो. हप्ता पगारापेक्षा वेगाने वाढला की हे होणारच. पगारवाढ ५-६ टक्क्यांची असेल तर टॉप-अपही तेवढाच ठेवा.

उलट बाजूही आहे. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर विसाव्या वर्षी भरलेल्या ५,००० ची किंमत आजच्या साधारण १,६५० रुपयांइतकी उरते. म्हणजे न वाढवलेली एसआयपी कागदावर तेवढीच राहते, पण प्रत्यक्षात दरवर्षी कमी होत जाते. त्याच महागाईने ७७.३ लाखांची आजची किंमत होते साधारण २४ लाख. मोठे आकडे बघून हुरळून जाऊ नका.

आता फॉर्म भरताना चुकतं कुठे ते सांगतो.

सगळ्यात जास्त घोटाळा टक्के आणि रुपये यांत होतो. ५,००० वर १० टक्के म्हणजे ५०० रुपये, मग ५०० लिहिलं काय आणि १० टक्के लिहिलं काय, असं वाटतं. पहिल्या वाढीला दोन्ही सारखेच, ५,५००. पुढे मात्र वाटा फुटतात आणि विसाव्या वर्षी एक हप्ता १४,५०० असतो, दुसरा ३०,५८०. कुठलाच पर्याय चुकीचा नाही, पण आपण कुठल्यावर खूण केली आहे ते माहीत हवं. ज्यांचं उत्पन्न दरवर्षी सारखं वाढत नाही, म्हणजे दुकानदार, गॅरेजवाले, बागायतदार, त्यांना आम्ही ५०० रुपयेच सुचवतो.

दुसरी अडचण बँकेच्या मॅन्डेटची. खात्यातून पैसे कापून घेण्याची परवानगी देताना कमाल रक्कम लिहावी लागते. आमच्या एका गॅरेजवाल्या ग्राहकांनी ५,००० च्या एसआयपीला १०,००० ची मर्यादा लिहिली. जास्त लिहायला सांगितलं तर म्हणाले, "अहो, उद्या सगळे पैसे ओढून नेले तर?" ही भीती बऱ्याच जणांना असते. पण ती फक्त मर्यादा आहे. कापले जातात ते हप्त्याचेच पैसे. १० टक्के वाढीने आठव्या वर्षी हप्ता ९,७४४ होतो आणि नवव्या वर्षी १०,७१८. म्हणजे आठ वर्षं सगळं सुरळीत चालतं आणि नवव्या वर्षी मॅन्डेट आडवं येतं. एक तर वाढ लागू होत नाही किंवा हप्ताच परत जातो. या उदाहरणात टॉप-अपला कमाल रक्कम घातली नसेल तर मर्यादा ३५,००० ची हवी. १२,००० वर थांबवणार असाल तर १५,००० पुरतात.

हे लक्षात यायला एकच उपाय, दरवर्षी वाढीच्या महिन्यात पासबुक बघा. हप्ता गेल्या वर्षीइतकाच गेला असेल तर कुठेतरी अडलं आहे. लगेच कळवा.

वाढीचा महिनाही विचार करून निवडा. वार्षिक टॉप-अप साधारणपणे एसआयपी सुरू केल्याच्या महिन्यातच लागू होतो. जानेवारीत सुरू केलेल्याचा हप्ता दर जानेवारीत वाढणार, मग पगारवाढ कधीही होवो. अनेक राज्य सरकारी कर्मचाऱ्यांची वेतनवाढ जुलैत असते. त्यांनी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू केलेलं बरं, म्हणजे वाढीव पगार हातात आल्यावरच हप्ता वाढतो. व्यापाऱ्यांना दिवाळीनंतरचा महिना सोयीचा पडतो.

शेवटची गोष्ट जोखमीची, आणि ही फारसं कुणी सांगत नाही. १० टक्के टॉप-अपमध्ये वीस वर्षांत भरलेल्या ३४.४ लाखांपैकी निम्म्याहून जास्त रक्कम शेवटच्या सहा वर्षांत जाते. त्या पैशांना बाजार पडला तर सावरायला वेळ कमी असतो. पैसे विसाव्या वर्षी नक्की लागणार असतील, मुलीच्या शिक्षणाला म्हणा किंवा घराला, तर पंधराव्या-सोळाव्या वर्षापासून नवे हप्ते इक्विटीऐवजी कमी जोखमीच्या फंडात किंवा बँकेच्या आवर्ती ठेवीत वळवायचा विचार करा. त्या वर्षी आम्ही फोन करूच, पण तुम्हीही लक्षात ठेवा.

आधीच एसआयपी चालू असेल तर? काही फंड घराणी चालू एसआयपीला टॉप-अप जोडून देतात, काही देत नाहीत. देत नसतील तर जुनी बंद करायची गरज नाही. वाढीव रकमेची वेगळी छोटी एसआयपी त्याच फोलिओत सुरू करता येते. येताना फोलिओ क्रमांक, पासबुकाचं पहिलं पान आणि मॅन्डेटची मर्यादा किती लिहिली होती ते घेऊन या. मर्यादा आठवत नसेल तर आम्ही शोधून देऊ.

म्युच्युअल फंडातील गुंतवणूक बाजारातील जोखमीच्या अधीन असते. योजनेशी संबंधित सर्व कागदपत्रे काळजीपूर्वक वाचा.