क्लॉक १ मेगाहर्ट्झचा, रिंगिंग मात्र २५० मेगाहर्ट्झचं

‘क्लॉक फक्त १ मेगाहर्ट्झचा आहे, त्याला टर्मिनेशन कशाला?’ असं म्हणून बोर्ड बनवायला जातो. मग एसपीआयवर अधूनमधून एक बिट जास्तीचा मोजला जातो, आणि क्लॉक १०० किलोहर्ट्झवर आणला तरी चूक जात नाही. घोळ दोन गोष्टी एक समजण्यात आहे. फ्रीक्वेन्सी सांगते की एज सेकंदाला किती वेळा येते. राइज टाइम सांगतो की आलेली एज किती झटक्यात चढते. ट्रेसला क्लॉकचा आकडा कळत नाही, त्याला फक्त समोर आलेली एक एज कळते.

हे आकड्यांत पाहू. मायक्रोकंट्रोलरच्या पिनपासून १५ सेंटीमीटर लांब ट्रेस निघतो. त्याचा इंपीडन्स ५० ओहम आहे आणि टोकाला सीमॉस इनपुट आहे, म्हणजे जवळजवळ उघडं टोक. पुरवठा ३.३ व्होल्ट, ड्रायव्हरचा स्वतःचा रोध १० ओहम, राइज टाइम १ नॅनोसेकंद. एफआर-४ बोर्डवर सिग्नल नॅनोसेकंदाला साधारण १५ सेंटीमीटर जातो, म्हणजे इथे एका बाजूचा प्रवास १ नॅनोसेकंदाचा.

एज निघते तेव्हा टोकाला काय आहे हे ड्रायव्हरला ठाऊक नसतं. त्याला समोर ५० ओहमच दिसतात, म्हणून ट्रेसवर ३.३ × ५०/६० = २.७५ व्होल्टची लाट जाते. उघड्या टोकावर ती दुप्पट होते आणि इनपुटवर ५.५ व्होल्ट उभे राहतात. परतलेली लाट ड्रायव्हरच्या १० ओहमवर आपटते, तिथून तिचा दोन-तृतीयांश भाग उलट चिन्हाने पुन्हा निघतो आणि टोकावर पुन्हा दुप्पट होतो. आता इनपुटवर १.८३ व्होल्ट. ज्या इनपुटला ‘हाय’ मानायला पुरवठ्याच्या ७० टक्के, म्हणजे २.३१ व्होल्ट लागतात, त्याच्यासाठी हा आकडा ना हाय, ना लो. तिथून पुन्हा वर गेलं की इनपुटला एकाच एजच्या जागी दोन एज दिसू शकतात. जास्तीचा बिट इथून येतो. प्रत्यक्षात इनपुटचे क्लॅम्प डायोड ५.५ व्होल्टचं शिखर बरंच छाटतात आणि खड्डाही थोडा भरतो, पण त्या भरवशावर डिझाइन सोडू नये.

या सगळ्या हिशोबात १ मेगाहर्ट्झ कुठेच आला नाही. इनपुटवरचं हे वर-खाली होणं म्हणजे रिंगिंग. त्याचं एक आवर्तन म्हणजे दोन फेऱ्या, ४ नॅनोसेकंद, म्हणजेच २५० मेगाहर्ट्झ. ते लांबीवरून ठरतं. त्याची उंची इंपीडन्सच्या फरकावरून ठरते, आणि ते उठेल की नाही हे राइज टाइमवरून. त्याच ट्रेसवर १० नॅनोसेकंदांची एज सोडा: परतलेल्या लाटा चढ चालू असतानाच येऊन मिसळतात आणि रिंगिंग जेमतेम दिसतं. म्हणून ट्रेस ‘लांब’ आहे का हे एजने कापलेल्या अंतराशी तुलना करूनच म्हणता येतं. आम्ही एक-षष्ठांशाचा नियम धरतो: १ नॅनोसेकंदाच्या एजला अडीच सेंटीमीटरच्या पुढचा ट्रेस लांब, १० नॅनोसेकंदांच्या एजला २५ सेंटीमीटरच्या पुढचा.

हार्मोनिकच्या भाषेत हेच वेगळ्या बाजूने दिसतं. ५० टक्के ड्यूटीच्या क्लॉकमध्ये विषम हार्मोनिक असतात आणि त्यांची उंची आधी सावकाश उतरते, दशकाला २० डेसिबल. राइज टाइमने ठरणाऱ्या एका वळणानंतर ती दशकाला ४० डेसिबलने कोसळते. कामापुरता अंदाज असा:

```
f = 0.35 / tr
```

१ नॅनोसेकंदाला ३५० मेगाहर्ट्झ, १० नॅनोसेकंदांना ३५. पहिल्या सिग्नलमध्ये २५० मेगाहर्ट्झला डिवचणारी ऊर्जा भरपूर आहे, दुसऱ्यात ती वळणाच्या पार पलीकडे पडते.

मात्र फ्रीक्वेन्सीला काहीच किंमत नाही, असं म्हणणं चूक ठरेल. वळणाच्या पुढे हार्मोनिकची उंची फ्रीक्वेन्सी भागिले राइज टाइम या प्रमाणात असते. रेडिएशनच्या चाचणीत क्लॉक दुप्पट केला तर ६ डेसिबल वाढतात, राइज टाइम निम्मा केला तरी तेवढेच. एज जास्त वेळा आली की सरासरी ऊर्जा वाढणारच. पण इनपुट सरासरी पाहत नाही. त्याला एकच शिखर किंवा एकच खड्डा पुरतो, आणि त्यांची उंची क्लॉक वाढवून वाढत नाही.

क्रॉसटॉकचंही तसंच. शेजारच्या ट्रेसमध्ये शिरणारा करंट म्हणजे मधली कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेज बदलण्याचा वेग. क्लॉकला खेटून २ सेंटीमीटर रीसेट लाइन धावते आणि मधली कपॅसिटन्स ०.५ पिकोफॅरड आहे असं धरू. १० ते ९० टक्क्यांत २.६४ व्होल्ट १ नॅनोसेकंदात बदलतात, म्हणजे १.३ मिलिअँप. त्याला रीसेट ट्रेसच्या दोन्ही दिशांना ५०-५० ओहमची वाट मिळते, एकूण २५ ओहम, म्हणजे ३३ मिलिव्होल्ट. १० नॅनोसेकंदांच्या एजला तेच ३ मिलिव्होल्ट. एका लाइनचे ३३ चालून जातील, पण आठ लाइन एकदम बदलल्या की ते एकावर एक चढतात. वर म्युच्युअल इंडक्टन्सचा वाटा वेगळा, आणि तोही करंट किती झटक्यात बदलतो यावरच. रीसेटवरचा १० किलोओहमचा पुलअप या क्षणी काही उपयोगाचा नाही.

मोजताना दोन फसवणुकी होतात. १०० मेगाहर्ट्झच्या स्कोपचा स्वतःचाच राइज टाइम ३.५ नॅनोसेकंद असतो. १ नॅनोसेकंदाची एज त्यावर ३.६ ची दिसते आणि रिंगिंग गोल होऊन निरुपद्रवी वाटतं. उलट बाजूला, प्रोबची १५ सेंटीमीटरची ग्राउंड वायर नसलेलं रिंगिंग दाखवते. ती काढून प्रोबच्या टोकाशी छोटी ग्राउंड स्प्रिंग लावा. मग क्लॉक दहापट कमी करून पाहा. रिंगिंगची उंची आणि आवर्तन दोन्ही तसंच राहिलं तर दोष एजचा आहे.

उपाय ड्रायव्हरच्या पिनला चिकटून एक सिरीज रेझिस्टर. १० ओहमच्या ड्रायव्हरला ३९ ओहम, म्हणजे एकूण ४९. आता निघणारी लाट अर्धीच असते, टोकावर दुप्पट होऊन नेमके ३.३ व्होल्ट होतात आणि परतलेली लाट ड्रायव्हरपाशी जिरते. हाच रेझिस्टर इनपुटपाशी लावला तर काम करत नाही. उघड्या टोकाला त्यातून करंटच जात नाही, त्यामुळे परतणारी लाट जशीच्या तशी राहते.

दुसरा उपाय एज मुळातच मंद करण्याचा. एसटीएम३२ एफ४ मध्ये पीए५ पिनचा वेग असा सर्वांत कमी होतो:

```c
GPIOA->OSPEEDR &= ~(3u << 10);
```

१ मेगाहर्ट्झच्या क्लॉकचा आवर्तकाळ १००० नॅनोसेकंद असतो. त्यात २० नॅनोसेकंदांची एज म्हणजे फक्त २ टक्के. पण मंद करण्यालाही हद्द आहे. ७४एलव्हीसी मालिकेतल्या साध्या, म्हणजे श्मिट ट्रिगर नसलेल्या, गेटला ३.३ व्होल्टवर व्होल्टमागे १० नॅनोसेकंदांपेक्षा मंद एज चालत नाही. त्याहून रेंगाळली की सिग्नल उंबरठ्यापाशी जास्त वेळ राहतो, जराशा नॉइझने पलीकडे-अलीकडे होतो, आणि तोच जास्तीचा बिट दुसऱ्या कारणाने परत येतो. म्हणून रजिस्टर बदलल्यावर इनपुटच्या पायावर एज पुन्हा मोजायची.