मेकर-टेकर शुल्क कुठून आले आणि लहान ट्रेडरला ते किती पडते

क्रिप्टो एक्स्चेंजच्या शुल्काचा तक्ता उघडला की मेकर आणि टेकर असे दोन रकाने दिसतात आणि खाली उलाढालीनुसार उतरत जाणारे टप्पे. ही मांडणी क्रिप्टोवाल्यांनी शोधलेली नाही. ती अमेरिकेच्या शेअर बाजारातून आली आहे.

१९९० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये जोश लेव्हाइन यांनी उभारलेले आयलंड हे इलेक्ट्रॉनिक व्यासपीठ नॅस्डॅकच्या दलालांशी स्पर्धा करत होते. नव्या बाजाराची अडचण नेहमी तीच असते. ऑर्डर बुक, म्हणजे खरेदी-विक्रीसाठी लावलेल्या भावांची यादी, रिकामे असेल तर घेणारा येत नाही, आणि घेणारा नसेल तर बुकात भाव लावून थांबायला कोणी तयार होत नाही. आयलंडने १९९७ च्या सुमारास यावर उपाय काढला. जो आपला भाव बुकात लावून थांबेल, म्हणजे मेकर, त्याला शेअरमागे थोडे पैसे परत द्यायचे. जो तो लावलेला भाव लगेच उचलेल, म्हणजे टेकर, त्याच्याकडून त्याहून थोडे जास्त घ्यायचे. मधला फरक बाजाराचा. काही वर्षांत अमेरिकेतल्या बहुतेक शेअर बाजारांनी ही पद्धत उचलली. पुढे २००५ च्या नियमांत अमेरिकी नियामकाने असे भाव उचलण्याच्या शुल्काला शेअरमागे ०.३ सेंटची कमाल मर्यादा घातली. क्रिप्टोत अशी मर्यादा कोणी घातली नाही, आणि पुढचा सगळा फरक तिथून पडत गेला.

बिटकॉइनच्या सुरुवातीच्या काळातले सर्वात मोठे एक्स्चेंज, टोकियोचे माउंट गॉक्स, मेकर-टेकर असा भेद करत नव्हते. शुल्क ०.६ टक्क्यांपासून सुरू होई आणि उलाढाल वाढली की कमी होई. जानेवारी २०१५ मध्ये कॉइनबेसने स्वतःचे एक्स्चेंज सुरू केले तेव्हा मात्र त्याने आयलंडचा मार्ग धरला: मेकरला शून्य, टेकरला ०.२५ टक्के. पुढच्या वर्षी बिटमेक्सने मुदत नसलेला बिटकॉइन करार आणला आणि त्यावर मेकरला उलट ०.०२५ टक्के देऊ केले. टेकरकडून मात्र ०.०७५ टक्के घेतले. हा आकडा छोटा दिसतो, पण तो मार्जिनवर, म्हणजे ट्रेडरने स्वतः ठेवलेल्या रकमेवर लागत नाही, पूर्ण सौद्यावर लागतो. १,००० डॉलर मार्जिनवर पंचवीस पट सौदा घेतला तर शुल्क २५,००० डॉलरवर. टेकर म्हणून आत येताना १८.७५ डॉलर, बाहेर पडताना साधारण तेवढेच. भाव जागचा हलला नाही तरी मार्जिनमधले पावणेचार टक्के गेले.

बाजार भरला की मेकरला फुकट थांबू देण्याची गरज कमी होते. मार्च २०१९ मध्ये कॉइनबेसच्या याच एक्स्चेंजने, तेव्हाच्या कॉइनबेस प्रोने, मेकरचे शून्य काढून टाकले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेला तक्ता मला या सगळ्या इतिहासातला सर्वात बोलका वाटतो. तीस दिवसांची उलाढाल १०,००० डॉलरपर्यंत असेल तर मेकर आणि टेकर दोघांनाही ०.५० टक्के. १०,००० ते ५०,००० पर्यंत दोघांना ०.३५. पन्नास हजारांच्या पुढे दोघांची वाट वेगळी होते: टेकर ०.२५, मेकर ०.१५. एक लाख ते दहा लाख डॉलरपर्यंत ०.२० आणि ०.१०. म्हणजे खालच्या दोन टप्प्यांत मेकर असल्याचा काहीही फायदा उरला नाही. सवलत वर गेली आणि तिचा भार तळाशी असलेल्यांवर आला.

आता हाच तक्ता घेऊन एक हिशेब करू. ५,००० डॉलरचे भांडवल असलेला ट्रेडर रोज एकदा पूर्ण रक्कम घालतो आणि एकदा विकतो. रोजची उलाढाल १०,००० डॉलर, तीस दिवसांत तीन लाख. बाहेरून पैसा घालून तो भांडवल तेवढेच ठेवतो असे धरू. सगळे सौदे टेकर म्हणून केले तर पहिल्या १०,००० वर ५० डॉलर, पुढच्या ४०,००० वर १४०, पुढच्या ५०,००० वर १२५ आणि उरलेल्या दोन लाखांवर ४००. एकूण ७१५ डॉलर, म्हणजे भांडवलाच्या १४.३ टक्के. सरासरी दर ०.२४ टक्क्यांच्या आसपास आला, सुरुवातीच्या निम्म्याहून कमी. तो वरच्या टप्प्यात पोहोचला, याचा त्याला आनंदही होईल. पण महिन्यात एकदाच घेऊन एकदाच विकणारा त्याचा शेजारी ०.५० टक्के भरूनही फक्त ५० डॉलर देतो, भांडवलाचा एक टक्का. दर अर्धा झाला तरी सौदे तीसपट झाले, ही गोष्ट तक्त्यात दिसत नाही, कारण तक्ता सौद्याचा दर सांगतो. ट्रेडरला मोजायचा असतो तो भांडवलावरचा खर्च.

तोच माणूस सगळे सौदे मेकर म्हणून करू शकला असता तर खर्च ४६५ डॉलर झाला असता. अडीचशे डॉलर वाचणे खरे आहे, पण ते विनाअट मिळत नाही. नुसती लिमिट ऑर्डर लावली म्हणून कोणी मेकर होत नाही. भाव समोरच्या विक्रेत्याच्या भावाला जाऊन भिडला की ती ऑर्डर टेकर म्हणूनच पुरी होते. ते टाळण्यासाठी ऑर्डर लावताना `post_only` हा पर्याय निवडावा लागतो, मग भिडणारी ऑर्डर एक्स्चेंज स्वीकारतच नाही. दुसरी अडचण जास्त खोल आहे. बुकात थांबलेली खरेदी हमखास पुरी होते ती भाव खाली कोसळत असताना, आणि भाव वर पळू लागला की ती मागे राहते. शुल्कात वाचवलेला ०.१० टक्का अशा एका सुटलेल्या सौद्यात निघून जातो. आपल्या ऑर्डर पुऱ्या झाल्यावर पाच मिनिटांनी भाव कुठे होता, हे महिनाभर नोंदवले तर कळते की सवलत खरी मिळते आहे की नाही.

टप्पा गाठण्यासाठी मुद्दाम उलाढाल वाढवण्याचा मोहही यातलाच. याच तक्त्यात महिन्याला ४,००० डॉलरची उलाढाल असणारा २० डॉलर देतो. तीच १०,००० वर नेऊन ठेवली तर पुढे ०.३५ टक्क्यांनी ३५ डॉलर द्यावे लागतात. आपणहून होणारी उलाढाल ७,००० च्या वर असेल तरच हे जमते, तेही प्रत्येक जादा सौद्यात जाणारा खरेदी-विक्रीच्या भावांतला फरक धरला नाही तर. शिवाय तीस दिवसांची खिडकी रोज पुढे सरकते, त्यामुळे मिळालेला टप्पा टिकवायला तेवढेच पळत राहावे लागते.

भारतातल्या ट्रेडरसाठी या हिशेबात आणखी एक ओळ येते आणि ती बाकी सगळ्यांपेक्षा मोठी आहे. १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर एक टक्का टीडीएस कापला जातो. वरच्या ट्रेडरने तीस दिवसांत दीड लाख डॉलरची विक्री केली असती तर १,५०० डॉलर कापले गेले असते, भांडवलाच्या ३० टक्के. हा पैसा विवरणपत्र भरल्यावर करात वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर तो ट्रेडिंगला उपलब्ध नसतो. नफ्यावरचा ३० टक्के कर मोजताना खरेदीची किंमत सोडून कुठलाच खर्च वजा करता येत नाही, म्हणून विक्रीवर भरलेले एक्स्चेंजचे शुल्क करपात्र नफ्यातून कमी होत नाही. एका सौद्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करण्याचीही मुभा नाही. शंभर रुपयांचा नफा आणि नव्वदांचा तोटा झालेल्या माणसाकडून कर शंभरावरच घेतला जातो, आणि दोन्ही सौद्यांचे शुल्क त्याने वेगळे भरलेले असते.