मंजुरीच्या रांगेतून निर्णयाच्या नोंदीकडे: टेक लीडच्या कामाची पार्श्वभूमी

इंदूरमध्ये विजयनगरपासून सुपर कॉरिडॉरपर्यंतच्या सॉफ्टवेअर ऑफिसांत अनुभवी इंजिनिअर टेक लीड झाला, की त्याच्यामागे "दादा, एवढं बघून द्या ना" सुरू होतं. तो स्वतः कोड कमी लिहू लागतो, पण त्याच्या होकाराशिवाय काही मर्जही होत नाही. ही अडचण आजची नाही.

१९७० च्या आसपास आयबीएममध्ये हार्लन मिल्स यांनी 'चीफ प्रोग्रॅमर टीम'ची पद्धत मांडली. सगळ्यात अनुभवी माणसाने गाभ्याचा कोड स्वतः लिहायचा, इतरांचा वाचायचा आणि बाकीच्यांनी त्याला साथ द्यायची. न्यूयॉर्क टाइम्सच्या कात्रणांच्या संग्रहासाठी केलेल्या प्रणालीत ती वापरली गेली आणि तिचं कौतुकही झालं. पण पूर्ण प्रणाली एका डोक्यात मावते, हे तिचं गृहीतक होतं.

ते गृहीतक लिनक्समध्ये उघडपणे मोडलं. १९९८ पर्यंत लिनस टोरवाल्ड्स यांच्याकडे येणारे पॅच इतके वाढले, की काही उत्तराविनाच हरवू लागले आणि लोक तेच पुन्हा पुन्हा पाठवू लागले. २००२ च्या सुरुवातीला असा प्रस्ताव आला, की हरवणारे पॅच गोळा करायला एक वेगळा माणूस नेमावा. टोरवाल्ड्स यांनी तो नाकारला. त्यांचं म्हणणं असं, की आपण मोजक्या विश्वासू लोकांबरोबर काम करतो आणि ते लोक पुढे त्यांच्या विश्वासातल्या लोकांबरोबर. मला हा नकार फार महत्त्वाचा वाटतो. दारावर आणखी एक माणूस बसवला असता तर रांग फक्त एक पायरी मागे सरकली असती. नेटवर्क, फाइल सिस्टिम, ड्रायव्हर यांचे निर्णय त्या त्या मेंटेनरकडेच राहिले. कोणता भाग कोणाचा हे `MAINTAINERS` फाइलमध्ये लिहिलेलं असतं.

पण अधिकार वाटला तरी वरिष्ठाच्या डोक्यातली कारणं वाटली जात नाहीत. त्यासाठीची साधी सोय मायकल नायगार्ड यांनी २०११ मध्ये सुचवली, ती म्हणजे एडीआर, म्हणजेच आर्किटेक्चर डिसिजन रेकॉर्ड. प्रत्येक मोठ्या निर्णयाची एक-दोन पानांची नोंद कोडच्याच रिपॉझिटरीत ठेवायची. तीत परिस्थिती, निर्णय, त्याची सद्यस्थिती आणि परिणाम असतात. निर्णय बदलला तरी जुनी नोंद पुसत नाहीत, नव्या नोंदीने ती रद्द झाली असं लिहितात. अ‍ॅमेझॉनच्या भागधारकांना लिहिलेल्या २०१५ सालच्या पत्रात जेफ बेझोस यांनी आणखी एक भेद मांडला: काही निर्णयांतून परत फिरता येतं, काहींतून नाही, आणि दोन्हींना एकच संथ प्रक्रिया लावू नये.

हे प्रत्यक्षात कसं उतरतं ते पाहण्यासाठी, समजा, इंदूरच्या ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर करणारी एक टीम आहे. तिच्यापुढे दोन प्रश्न आहेत. पहिला, बिलाचे पीडीएफ मागच्या मागे बनवायला वेगळी क्यू आणायची, की पोस्टग्रेसच्या टेबलातूनच `FOR UPDATE SKIP LOCKED` ने कामं उचलायची? टेबल पुरेनासं झालं तर क्यू नंतरही आणता येते. म्हणून हा निर्णय टीममधल्या, हे काम करणाऱ्या ज्युनिअर मुलीने घ्यावा, एडीआर तिनेच लिहावी. लीडने मत द्यावं, पण त्याची मंजुरी ही अट नसावी.

दुसरा प्रश्न बिल क्रमांकाचा. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे क्रमांक सलग हवा, आर्थिक वर्षात एकमेव हवा आणि जास्तीत जास्त १६ अक्षरांचा हवा. पोस्टग्रेसचा `nextval` सोयीचा दिसतो, पण ट्रान्झॅक्शन रोलबॅक झालं तरी घेतलेला आकडा परत येत नाही आणि मालिकेत भोक पडतं. ग्राहकाच्या हाती गेलेली बिलं नंतर नव्याने क्रमांकित करता येत नाहीत. म्हणून इथे लीडने स्वतः बसावं. उपाय म्हणजे आर्थिक वर्षामागे मोजणीची एक ओळ ठेवायची आणि बिल ज्या ट्रान्झॅक्शनमध्ये नोंदवलं जातं त्यातच ती वाढवायची. याची किंमतही एडीआरच्या 'परिणाम' भागात लिहायची: एकाच वेळी दोन बिलं निघाली तर दुसरं त्या ओळीसाठी थांबेल. दिवसाला काहीशे बिलं काढणाऱ्याला ते जाणवणारही नाही.

एडीआर असूनही रांग परत येऊ शकते. लीडने 'मंजूर' म्हटल्याशिवाय कोणी नोंदीची सद्यस्थिती बदलेनासं झालं, की ती फाइल मंजुरीचा अर्ज बनते. हे ओळखायला लीडच्या सुट्टीचा आठवडा बघावा. त्या दिवसांत किती रिव्ह्यू पहिल्याच मताची वाट बघत राहिले, आणि एखादी नवी एडीआर 'स्वीकारली' झाली का? रिव्ह्यू अडले असतील तर ते कोणत्या भागातले ते शोधून त्या भागाला दुसरा मालक द्यावा. नोंदी अडल्या असतील तर, परत फिरता येणाऱ्या निर्णयांना लीडची सही लागणार नाही, हीच टीमची पुढची एडीआर असावी.