हायलाइट्सचा आवाज कोणत्या काळात बोलतो?

क्लबच्या स्पर्धेचा अंतिम सामना संपतो. रात्री कोणीतरी चित्रण कापून मिनिटभराचे हायलाइट्स बनवतं आणि त्यावर आवाज चढवतं. हा आवाज ‘आता काय होणार?’ असं विचारतो, तेव्हा निकाल त्याला पुरता ठाऊक असतो. या कामातला जुना वाद नेमका इथे आहे.

रेडिओवर क्रिकेटचं वर्णन 1922 मध्ये सिडनीतून सुरू झालं. पण आपल्या विषयाचं खरं मूळ 1930च्या दशकात सापडतं. ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडमध्ये खेळत होता. मैदानावरून सांकेतिक तारा यायच्या. सिडनीच्या स्टुडिओत बसलेले निवेदक त्या उलगडून चेंडूगणिक वर्णन करायचे. बॅटचा आवाज म्हणून पेन्सिलीने लाकडावर टक् करायचं, टाळ्या तबकडीवरून वाजायच्या. चेंडू कधीच टाकून झालेला असायचा, वर्णन मात्र ‘आत्ता’चं. श्रोत्यांना हे माहीत होतं, तरी ते रात्र जागवत ऐकायचे.

आपल्या शब्दांनी हा गुंता आणखी वाढवला. ‘धावतं वर्णन’ म्हणजे डोळ्यांसमोर घडतंय ते त्याच क्षणी सांगणं. त्याची भाषा वर्तमानकाळाची. ‘समालोचन’चा मूळ अर्थ साकल्याने पाहून परीक्षण करणं, म्हणजे घडून गेल्यावरचं काम. रेडिओमुळे दोन्ही शब्द एकाच अर्थाने रुळले. पुढे चित्रपट-जाहिरातींकडून ‘व्हॉइसओव्हर’ आला, आणि तो तर तयार चित्रावर नंतरच चढतो. मग हायलाइट्सचा निवेदक यांतला कोण? अनेक मंडळी सरसकट धावतं वर्णन करतात, तेही पहिल्या सेकंदापासून टिपेच्या आवाजात. मला हे पटत नाही. चेंडू वर्तमानकाळात सांगावा, खेळाडूची गोष्ट भूतकाळात. काळ बदलला की आवाज आपोआप खाली येतो आणि पुढच्या चढाला जागा मिळते. जोश त्या फरकातून जाणवतो, सलग ओरडण्यातून नाही.

एक नमुना घेऊ. यष्टिरक्षकाने एका फलंदाजाचा झेल 11 धावांवर सोडला. तोच फलंदाज शेवटच्या षटकात 46 वर खेळतोय. 6 चेंडूंत 9 धावा हव्यात. पाच चेंडूंत 7 निघतात. शेवटच्या चेंडूवर 2 हव्यात. फिरकीवर तो पुढे सरसावतो, चुकतो, आणि त्याच यष्टिरक्षकाच्या हातून यष्टिचीत होतो. सामना 1 धावेने जातो.

इथे गोष्ट यष्टिरक्षकाची आहे, भले अर्धशतकाच्या जवळ फलंदाज असो. 70 सेकंदांच्या चित्रणात न थांबता बोललं तर दीडशेच्या आसपास शब्द बसतात, लिहावेत नव्वद-शंभरच. सुरुवात सुटलेल्या झेलाने: ‘बाराव्या षटकात हा झेल सुटला. नंतरची आठ षटकं तो त्याच फलंदाजामागे उभा होता.’ एवढंच, सावकाश. मग शेवटचं षटक: ‘दोन हव्यात. एक चेंडू. पुढे येतोय...’ आणि इथे गप्प. बेल्स उडाल्याचा आणि मैदानावरच्या आरोळीचा मूळ आवाज ऐकू द्यायचा, मग बोलायचं. सगळ्यात जास्त नासतं ते इथेच: निवेदक चित्राच्या अर्धा सेकंद आधी ‘आऊट!’ म्हणतो, कारण त्याला ते माहीत असतं. आधी तयार चित्रण पाहून मग बोलणाऱ्या अनेकांची ही चूक होते. ताडून पाहायला मूळ आवाज आणि निवेदन एकत्र लावून शेवटचा चेंडू पुन्हा ऐकावा. निवेदकाचा शब्द यष्ट्यांच्या आवाजाआधी आला, तर ती ओळ थोडी उशिरा सुरू करावी.

कॅप्शनचा इतिहास छोटा, पण आज तोच वरचढ आहे. 2013च्या सुमारास एका मोठ्या समाजमाध्यमावर व्हिडिओ आपोआप आणि मुक्याने सुरू होऊ लागले. पाठोपाठ उभ्या चित्रणाची लाट आली. ज्या प्रेक्षकाने आवाज उघडलाच नाही, त्याच्यासाठी शब्द पडद्यावर आले. तिथून एक वाईट सवय लागली: निवेदनच जसंच्या तसं खाली छापायचं. वाचणारा पुढे पळतो, आवाज मागे राहतो आणि यष्टिचीत होण्याआधीच निकाल वाचून होतो.

कॅप्शनने आवाजाला न सांगता येणारं सांगावं. वरच्या नमुन्यात चार पुरेत. झेल सुटतो तेव्हा ‘11 वर जीवदान’. षटक सुरू होताना ‘6 चेंडू, 9 धावा’. शेवटच्या चेंडूआधी ‘1 चेंडू, 2 धावा’. आणि बेल्स पडून सेकंदभर गेल्यावर, यष्टिरक्षकाचा चेहरा दिसत असताना: ‘हिशेब चुकता. 1 धावेने.’ उभ्या चित्रणात ही अक्षरं तळाशी ठेवू नयेत, तिथे अॅपची बटणं आणि मजकूर त्यांवर चढतो. खेळपट्टीच्या वर, मोकळ्या आकाशात ठेवावीत.