शार्प केल्यावर ३ चा ८ का होतो? सीसीटीव्हीतल्या नंबर प्लेटमागची गोष्ट

गेल्या पावसाळ्यात बेळगावात खानापूर रोडला आमच्या गल्लीतल्या एका पोराच्या बाईकला रात्री कार घासून गेली आणि थांबलीच नाही. समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात सगळं आलेलं, क्लिप व्हॉट्सअॅपवर फिरत आमच्यापर्यंत आली आणि जो तो म्हणतोय जरा शार्प करा की, नंबर दिसेल. चौघांनी चार अॅपमध्ये घातली, तर तीन वेगवेगळे नंबर निघाले आणि तिन्ही अगदी स्वच्छ! त्यामुळे हे शार्प करणं आलं कुठून ते नीट सांगावंसं वाटतं.

त्याची सुरुवात डार्करूममधली आहे. १९३० च्या दशकात निगेटिव्हची मुद्दाम धूसर अशी पॉझिटिव्ह कॉपी काढायचे, ती मूळ निगेटिव्हला जोडून ठेवायचे आणि दोन्हीतून मिळून प्रिंट घ्यायचे, मग कडा उठून दिसायच्या. आजही एडिटिंगच्या मेनूत 'अनशार्प मास्क' असतो तो हाच. तो फक्त कडेची काळी बाजू जास्त काळी आणि पांढरी बाजू जास्त पांढरी करतो, फोटोत नसलेली रेघ तो आणू शकत नाही.

दुसरी पद्धत म्हणजे फोटो कशामुळे धूसर झाला ते माहीत असेल तर उलटं गणित करून मागे जायचं. रिचर्डसनने १९७२ ला आणि लूसीने १९७४ ला वेगवेगळी मांडलेली रीत अजून वापरतात. तिची मोठी परीक्षा झाली हबल दुर्बिणीवर. एप्रिल १९९० मध्ये ती वर गेली आणि कळलं की आरशाची कड साधारण २ मायक्रॉनने जास्त सपाट घासली गेलीय. चूक नेमकी माहीत होती म्हणून तेजस्वी तारे गणिताने बरेच सुधारले, पण अंधुक तारे नॉइजमध्ये, म्हणजे फोटोतल्या उगाच उठणाऱ्या दाण्यांमध्ये, गेले ते गेलेच, शेवटी डिसेंबर १९९३ ला अंतराळवीरांनी वर जाऊन दुरुस्तीचे आरसे बसवले. नुसत्या गणितावर भागलं असतं तर एवढा खर्च करून कोण वर गेलं असतं?

आता आमच्या क्लिपचा हिशोब बघा. कॅमेरा १९२० पिक्सेल रुंद, आणि रस्त्यावर जिथे कार होती तिथे साधारण २० मीटर रुंदी फ्रेममध्ये येते, म्हणजे एका मीटरला ९६ पिक्सेल. कारची प्लेट ५० सेंटीमीटर, म्हणजे ४८ पिक्सेल. नियमाप्रमाणे अक्षर ६५ मिलिमीटर उंच, म्हणजे जेमतेम ६ पिक्सेल, आणि अक्षराची रेघ १० मिलिमीटर, म्हणजे फक्त १ पिक्सेल. ३ आणि ८ मधला फरक काय, तर डावीकडच्या रेघेचे दोन छोटे तुकडे, तेच त्या एका पिक्सेलमध्ये शेजारच्या पांढऱ्यात मिसळून राखाडी होतात. त्यात रात्री शटर १/२५ सेकंदावर गेलं आणि गाडी ताशी ४० ने आडवी गेली तर तेवढ्यात ती ४४ सेंटीमीटर सरकते, म्हणजे जवळजवळ अख्खी प्लेट फासली जाते. आणि हेडलाइटने किंवा कॅमेऱ्याच्या आयआर लाइटने प्लेट पूर्ण पांढरी चमकली असेल तर तिथे उलटं गणित करायला आकडाच उरत नाही.

मग अॅपने स्वच्छ नंबर दिला कुठून? अंदाजाने. २००० साली बेकर आणि कानाडे यांनी शिकवलेल्या नमुन्यांवरून धूसर चेहरा भरून काढायची पद्धत दाखवली आणि तिला स्वतःच 'हॅल्युसिनेशन' म्हणजे भास असं नाव दिलं, किती प्रामाणिक नाव! भरलेला भाग शक्यतेचा असतो, पुराव्याचा नाही. आपल्याकडे सीमेवर तर हे जास्तच बाधतं. ०९ हा आकडा स्पष्ट आहे पण पुढची अक्षरं पुसट, तर MH 09 म्हणजे कोल्हापूर आणि KA 09 म्हणजे मैसूर. ज्याने KA च्या प्लेटी जास्त पाहिल्यात त्याला, मग तो माणूस असो की सॉफ्टवेअर, तिथे KA च दिसणार.

खरी माहिती वाढवायचा एक रस्ता मात्र आहे. १९८४ ला त्साई आणि हुआंग यांनी दाखवलं की थोड्या थोड्या सरकलेल्या अनेक फ्रेम एकत्र केल्या तर एका फ्रेमपेक्षा जास्त बारकावा मिळतो, कारण प्रत्येक फ्रेममध्ये रेघ पिक्सेलवर वेगळ्या जागी पडलेली असते. पण त्यासाठी डीव्हीआरमधली मूळ फाइल पाहिजे, व्हॉट्सअॅपची नाही, तिथे परत कॉम्प्रेस होताना हाच बारीक फरक पहिल्यांदा जातो. आणि डीव्हीआर जुनं रेकॉर्डिंग पुसून त्यावर नवीन करत राहतो, म्हणून लवकर जायचं.

आमचं नशीब, धडकेनंतर कार पुढच्या स्पीड ब्रेकरला हळू झाली होती. दुकानदाराकडून मूळ फाइल पेनड्राइव्हवर घेतली, १२ फ्रेम प्लेटवर प्लेट जुळवून सरासरी काढली, नॉइज बराच खाली गेला. मग त्याच जागी रात्री ओळखीतल्या दोन गाड्या उभ्या करून त्याच कॅमेऱ्यात घेतल्या, एकीच्या नंबरात ३ होता, दुसरीच्या ८, आणि त्या क्लिपमध्येही दोन्ही सारखेच दिसले. KA 22 पक्कं झालं, पुढची दोन अक्षरं आणि दोन आकडे पक्के, उरलेले दोन आकडे प्रत्येकी ३ किंवा ८. म्हणजे चार नंबर. ते चारही, गाडीचा रंग आणि मॉडेल लिहून, मूळ फाइलसकट पोलीस स्टेशनला दिले.